घाऊक आणि किरकोळ दरांची सांगड

एकच माल दुकानदारांना घाऊक आणि वापरणाऱ्यांना थेट विकताना दोन दर असे बसवावे लागतात, की दुकानदाराचा धंदा बुडू नये आणि किरकोळ गिऱ्हाइकालाही फसवणूक वाटू नये.

पहिली चूक बहुधा सुरुवातीलाच होते. एका नगाला 40 खर्च येतो, म्हणून उत्पादक तो थेट गिऱ्हाइकाला 65 ला विकतो आणि खूश असतो. पुढे दुकानदार 40 टक्के मार्जिन मागतो, तेव्हा घाऊक दर 39 वर येतो, म्हणजे खर्चाच्याही खाली. मग किरकोळ दर वाढवला की जुनी गिऱ्हाइके नाराज होतात. म्हणून दुकानदार येण्याआधीच हिशेब खालून वर करत न्यावा: खर्च 40, घाऊक 60, किरकोळ 100. थेट विक्रीतला जास्तीचा पैसा निव्वळ नफा नसतो. सुटे पॅकिंग, पोचवणी आणि परत आलेला माल यांचा खर्च त्यातूनच निघतो.

दुसरी अडचण सीमारेषेवर असते आणि ती सहसा कुणी मोजून पाहत नाही. वरच्या दरांत घाऊक भाव 24 नगांपासून लागतो असे धरू. 15 नग घेणाऱ्याला 1500 पडतात, 24 घेणाऱ्याला 1440. 15 ते 23 नग घेणारा प्रत्येक जण जास्त पैसे देऊन कमी माल नेतो. हे लक्षात आले की तो चिडतो, नाहीतर 24 उचलून उरलेले ओळखीत 70 ला विकतो आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. मध्ये 12 नगांपासून 75 चा टप्पा घातला की 19 नगांचे 1425 होतात, आणि 24 च्या खालचा विचित्र पट्टा 20 ते 23 एवढाच उरतो. 12 च्या खाली मात्र 10 आणि 11 नगांचा छोटा पट्टा तयार होतो, कारण 12 नग 900 ला पडतात. अशा पट्ट्यातल्या माणसाला विक्रेत्याने आपणहून सांगावे, ‘12 घ्या’ किंवा ‘24 घ्या, स्वस्त पडेल.’ सूट ओळखीवर न देता नगांवर दिली, तर ती कुणालाही समजावून सांगता येते.

दुकानदार सगळ्यात जास्त दुखावतो तो उत्पादकाच्या सेलने. 60 ला घेतलेला माल त्याच्या फळीवर 100 ला पडून असताना उत्पादक स्वतः 70 ला विकू लागला, तर भाडे आणि पगार भागवून त्याला त्या भावाला उतरणे जमत नाही. तो भांडत नाही, पुढची ऑर्डर निम्म्यावर आणतो, आणि उत्पादकाला कारण उशिरा कळते. सेल करायचाच असेल तर आधी कळवून त्याच दिवसांसाठी घाऊक दरही त्याच प्रमाणात, म्हणजे 42 पर्यंत, उतरवावा लागतो. 40 खर्चावर हे परवडत नसेल, तर 30 टक्क्यांचा सेलच परवडणारा नाही.

उलट बाजूने, दुकानदाराने 100 च्या खाली विकू नये अशी सक्ती उत्पादकाला करता येईलच असे नाही. अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यांत अशा सक्तीवर निर्बंध आहेत. दर सुचवता मात्र येतो.