आपुलकी वेगळी, नेमकेपणा वेगळा: वाढदिवसाचा संदेश कसा तपासावा

मागच्या महिन्यात आमच्या आत्याला साठ वर्षं पूर्ण झाली. घरच्या ग्रुपवर आलेल्या संदेशांपैकी दोन मी वहीत उतरवून घेतले.

पहिला: "आत्या, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! तुझ्यासारखी प्रेमळ, मायाळू आत्या सगळ्यांना मिळो. देव तुला उदंड आयुष्य आणि भरभरून सुख देवो."

दुसरा: "आत्या, साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. इतकी वर्षं शाळेत गणित शिकवलंस, निवृत्तीनंतर पेटी शिकायला लागलीस, यंदा प्रवेशिका प्रथमची परीक्षाही दिलीस. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

संदेश "मनापासून लिही" असं आपण कुणाला सांगतो तेव्हा आपुलकी आणि नेमकेपणा या दोन्ही गोष्टी एकच समजतो. हे दोन संदेश शेजारी ठेवले की फरक दिसतो. पहिल्यात माया आहे, पण "आत्या"च्या जागी "मावशी" घातलं तरी एक शब्दही बदलावा लागणार नाही. दुसरा जगात फक्त आमच्या आत्यालाच लागू पडतो, पण वाचताना सत्कार समारंभात कुणी तिचा परिचय करून देतंय असं वाटतं. लिहिणारा भाचा त्यात कुठेच नाही.

म्हणून मी दोन्ही वेगवेगळे मोजतो. नेमकेपणासाठी नाव झाकून बघायचं: संदेश कुणासाठी लिहिलाय हे घरातल्या माणसाला ओळखता आलं पाहिजे. आपुलकीसाठी त्या माणसाचं आणि माझं काय, हे संदेशात शोधायचं. विशेषणांनी इथे फसगत होते. "प्रेमळ" म्हणणं हा निष्कर्ष झाला. तो निष्कर्ष ज्या प्रसंगावरून काढला तो सांगितला, तर "प्रेमळ" हा शब्द लिहावाच लागत नाही.

सूर आणि लांबी धरून माझी यादी चार प्रश्नांची आहे. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण.

आपुलकी: आमच्या दोघांमधलं काही यात आलं का?
नेमकेपणा: नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो का?
सूर: मी तिच्याशी समोरासमोर असंच बोलतो का?
लांबी: स्क्रीन न सरकवता वाचून होतं का, आणि सांगायचं ते सांगून झालं का?

पहिल्या संदेशाला मी अनुक्रमे १, ०, २, २ दिले, म्हणजे आठपैकी ५. दुसऱ्याला ०, २, १, २, म्हणजे पुन्हा ५. बेरीज सारखी आली तरी दुखणं वेगळं आहे, त्यामुळे नुसत्या बेरजेवर जाऊ नये. पहिल्याला एक प्रसंग हवा. दुसऱ्याला "मी" हवा, आणि "पुढील वाटचालीस" हे निरोप समारंभातलं वाक्य जायला हवं.

मी स्वतः पाठवला तो असा: "आत्या, साठीच्या शुभेच्छा! नववीत भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री मी रडत होतो, तेव्हा तू अकरा वाजेपर्यंत माझ्याबरोबर प्रमेयं सोडवत बसली होतीस. परवा फोनवर पेटीवर भूप वाजवून दाखवलास, मधेच अडखळलीस आणि 'थांब, परत' म्हणालीस. तेव्हाही अगदी असंच म्हणायचीस. पुढच्या खेपेला आलो की समोर बसून ऐकायचाय."

शिक्षिका असणं आणि पेटी शिकणं, दोन्ही दुसऱ्या संदेशातलीच माहिती आहे. फक्त ती आता माझ्या अनुभवातून आलेली आहे. प्रसंग दोनच घेतले, कारण तिसरा आला असता तर पुन्हा यादी झाली असती.

लांबीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. सुराबद्दल मात्र आहे, कारण तिथली चूक बाकीच्या गुणांनी भरून निघत नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना, काका गेल्यानंतरच्या पहिल्याच वाढदिवसाला, "अखंड सौभाग्य लाभो" असं लिहिलेलं फुलांचं चित्र आलं. पाठवणारीने ते न वाचताच पुढे ढकललं होतं. काकू त्या दिवशी कुणाचाच फोन घेईनात. म्हणून सुराला शून्य आलं, तर बाकी तिन्हीत दोन-दोन असले तरी मी तो संदेश पाठवत नाही. तयार चित्र पाठवायचंच असेल तर त्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचावीत. आत्याला घरात "तू" म्हणत असू आणि संदेशात "आपणास" लिहिलं, तर तिथेही एक गुण जातो.

ही मोजणी जवळच्या माणसांसाठी आहे. ऑफिसातल्या साहेबांना लिहिताना आपुलकीचा एक गुण पुरतो. तिथे दोन मिळवायला गेलं की सूर बिघडतो. "गेल्या आठवड्यात माझं सादरीकरण आधी तपासून दिलंत, त्याचा फार उपयोग झाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सर." एवढं लिहिलं की नेमकेपणाचे दोन्ही गुण मिळतात.