सभागृहात कोण काय म्हणाले: वृत्तांताचा कायदा आणि जनसुरक्षा विधेयकाची चर्चा

विधिमंडळात आमदार जे बोलतो त्यासाठी त्याला न्यायालयात खेचता येत नाही. ते बोलणे छापणाऱ्याला मात्र हे संरक्षण बराच काळ नव्हते. फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून १९५६ साली पहिला केंद्रीय कायदा झाला आणि कामकाजाचा सारतः खरा वृत्तांत द्वेषबुद्धीविना छापणाऱ्याला अभय मिळाले. पण तो फक्त संसदेपुरता होता. विधानसभांचे वृत्तांत त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

याचा चटका लगेच पुढच्याच वर्षी बसला. मे १९५७ मध्ये बिहार विधानसभेत एका सदस्याने मुख्यमंत्र्यांवर कडक टीका केली आणि अध्यक्षांनी भाषणाचा काही भाग कामकाजातून काढून टाकला. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने दुसऱ्या दिवशी भाषण छापले, काढलेल्या भागासकट. हक्कभंगाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बहुमताचा निकाल संपादकाच्या विरोधात लागला. काढलेला भाग कायद्याच्या नजरेत बोललाच गेलेला नाही, म्हणून तो छापणे म्हणजे अयथार्थ वृत्तांत, असा त्याचा आशय होता. आजही सारांश लिहिताना पहिली तपासणी हीच करावी लागते, कारण थेट प्रक्षेपणात ऐकलेले वाक्य नंतर नोंदीत असेलच असे नाही.

आणीबाणीत १९५६ चा कायदा रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा आला. त्यानंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क घातला. त्यामुळे विधानसभा आणि विधान परिषदांच्या वृत्तांतालाही घटनेचे संरक्षण मिळाले, गुप्त बैठकी वगळून. हे कवच सारतः खऱ्या वृत्तांताला आहे. बातमीदाराने त्यात मिसळलेल्या स्वतःच्या आरोपाला नाही.

मात्र सारतः खरे म्हणजे काय, ही खरी कसोटी कायद्यापेक्षा लेखणीची आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाची चर्चा त्यासाठी अगदी योग्य उदाहरण आहे.

संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठीचे हे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडले गेले आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीवर विरोधी पक्षांचेही सदस्य होते. समितीच्या अहवालानंतर १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत महाविकास आघाडीने सभात्याग केला आणि तिथेही ते मंजूर झाले.

आता सारांश लिहायला बसा. ‘सत्ताधाऱ्यांचा पाठिंबा, विरोधकांचा विरोध’ हे वाक्य सहज सुचते, पण ते चुकीचे आहे. आवाजी मतदानात कोणत्या सदस्याने काय म्हटले याची नावनिशीवार नोंद होत नाही. त्यामुळे पक्षाची भूमिका भाषणांतून, दुरुस्त्यांतून आणि भिन्नमतपत्रिका असल्यास तिच्यातूनच काढावी लागते. विधानसभेत विधेयकालाच सरळ विरोध नोंदवला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. आघाडीतील सदस्यांचे आक्षेप प्रामुख्याने तरतुदींवर होते. म्हणून त्यांची विधानसभेतली भूमिका आणि परिषदेतला सभात्याग या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्ही तारखेनिशी द्याव्या लागतात, एकीवरून दुसरीचा अर्थ लावायचा नाही.

वादाचे मुद्दे मांडताना मी प्रश्नाच्या रूपात मांडते, कारण मग दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर बोलताहेत का ते कळते. पहिला प्रश्न: वेगळा कायदा हवा का? सरकारचे म्हणणे, नक्षलवाद शहरी संघटनांच्या रूपाने पसरतो आहे आणि इतर काही राज्यांनी असे कायदे आधीच केले आहेत. विरोधकांचे म्हणणे, यूएपीए आणि मकोका असताना आणखी कायदा कशाला? दुसरा: ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येची कक्षा केवढी? विरोधकांच्या मते ती इतकी सैल आहे की आंदोलने तिच्यात येतील. सरकारने उत्तरादाखल समितीतले बदल पुढे केले: उद्देशात डाव्या जहाल व तत्सम संघटनांचा उल्लेख, तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, आणि न्यायाधीशांचा समावेश असलेले सल्लागार मंडळ.

इथेच सारांशकाराचा हात घसरतो. तपासाचा दर्जा वाढवणे हे गैरवापराच्या भीतीला दिलेले उत्तर आहे, व्याख्येच्या सैलपणाला नाही. ‘विरोधकांच्या शंका दूर झाल्या’ असे लिहिले तर तो निवाडा होतो. ‘सरकारने टाळाटाळ केली’ हाही निवाडाच. आक्षेप व्याख्येवर होता आणि उत्तर कार्यपद्धतीवर आले, एवढे लिहिले की दोघांवर अन्याय होत नाही. क्रियापदेही तशीच निवडावी लागतात. ‘म्हणाले’, ‘विचारले’ चालते; ‘उघडे पाडले’, ‘कबूल केले’ यांत लिहिणाऱ्याचे मत आधीच आलेले असते. आणि सभागृहाबाहेर पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर दिलेली प्रतिक्रिया चर्चेच्या सारांशात येत नाही. ते कामकाज नाही, आणि ३६१-क चे कवचही तिथे पोहोचत नाही.