एक्स्टर्नल मर्ज सॉर्ट

मेमरीत न मावणारी फाइल क्रमाने लावण्याची पद्धत. आधी मेमरीत मावेल तेवढा तुकडा वाचायचा, क्रमाने लावायचा आणि डिस्कवर लिहायचा. अशा तुकड्याला ‘रन’ म्हणतात. मग सगळे रन एकत्र उघडायचे, प्रत्येकाच्या तोंडाशी असलेल्या नोंदींतली सर्वांत लहान उचलायची आणि एकच फाइल लिहीत जायचे. तुलना किती झाल्या हा प्रश्न इथे दुय्यम आहे. वेळ खाते ती डिस्क. म्हणून हिशेब फेऱ्यांचा करतात. एक फेरी म्हणजे सगळा डेटा एकदा वाचणे आणि एकदा लिहिणे.

समजा फाइल १०० जीबीची आहे आणि मेमरी १ जीबी. रन निघतात १००. मर्ज करताना प्रत्येक रनला एक बफर लागतो आणि निकालासाठी आणखी एक. बफर ८ एमबीचा धरला तर मेमरीत १२८ मावतात, म्हणजे १२७ रनपर्यंत एका दमात जुळतात. रन करण्याची एक आणि मर्जची एक अशा दोन फेऱ्यांत काम संपते. डिस्कवरून ४०० जीबीची ये-जा होते. सेकंदाला १५० एमबी वेगाच्या फिरत्या डिस्कवर त्याला पाऊण तास लागेल.

बफर १६ एमबीचा केला की एका वेळी ६३ रनच जुळतात आणि सूत्र `⌈log_k(R)⌉` मर्जच्या दोन फेऱ्या सांगते. इथे R म्हणजे रनची संख्या आणि k म्हणजे एका वेळी जुळणारे रन. पण ही जादा फेरी पूर्ण करायची गरज नसते. आधी फक्त ३८ रन जुळवून एक केला की उरतात ६२ आणि हा एक, बरोबर ६३. जादा ये-जा २०० नव्हे, ७६ जीबीची.

मग बफर ६४ केबीचा का करू नये? कारण फिरत्या डिस्कचे हेड एका रनवरून दुसऱ्यावर जायला सुमारे १० मिलिसेकंद घेते आणि ६४ केबी वाचायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. बहुतेक वेळ नुसत्या धावपळीत जातो. रन शंभरच असतील तर मेमरीचे १०१ भाग करून जवळपास १० एमबीचे बफर देणे शहाणपणाचे.

लिनक्सवरील `sort` हीच पद्धत वापरते, पण मुळात एका वेळी १६ फाइलच जुळवते. म्हणून वरच्या उदाहरणात जवळजवळ सगळा डेटा आणखी एकदा फिरतो. तो टाळायचा तर:

```
sort -S 1G --batch-size=128 -T /data/tmp in.txt -o out.txt
```

प्रत्येक ओळीच्या नोंदवहीलाही याच मेमरीतून जागा जाते, त्यामुळे ओळी छोट्या असल्या की रन १ जीबीहून बरेच लहान निघतात आणि त्यांची संख्या १२८ च्या पुढे जाऊ शकते. `-S` हाती असलेल्या रॅमपेक्षा मोठा दिला तर स्वॅप सुरू होतो. `vmstat` मधले `si` आणि `so` हलू लागले की ओळखावे. `-T` न दिल्यास रन बहुधा `/tmp` मध्ये जातात, आणि काही यंत्रांवर `/tmp` रॅममध्येच असते.