दिव्यांच्या रेषा आणि आयएसओचा गैरसमज

‘रात्री अंधार असतो, मग फोनच्या प्रो मोडमध्ये आयएसओ वाढवला तरच फोटोत धावत्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा उठून दिसतील ना?’

नाही, उलट त्या पांढऱ्याफटक पडतात. धावता दिवा सेन्सरच्या एका ठिपक्यावर क्षणभरच असतो. त्यामुळे रेषेची लांबी शटरवर ठरते, पण तिचा उजळपणा आयएसओवर. अ‍ॅपर्चरनेही तो बदलतो, पण बहुतेक फोनमध्ये ते बदलता येतच नाही.

जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळ, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर ट्रायपॉड लावा. आयएसओ ५०, शटर ८ सेकंद ठेवा. ताशी ५० किलोमीटरने जाणारा ट्रक तेवढ्यात सुमारे ११० मीटर जातो, म्हणजे रेषा भरपूर लांब येते. टेललाइटचा लाल रंग उडून पांढरा झाला, तर फोनमध्ये जमत असल्यास आयएसओ अजून उतरवा. स्थिर उजेड मात्र शटर उघडं असेपर्यंत साचत राहतो, म्हणून रेषा नीट आहेत पण दुकानांच्या पाट्या पांढऱ्या पडल्या, तर शटर ४ सेकंदांवर आणा. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं.

फोकस मात्र हातानेच लावा, कारण अंधारात ऑटोफोकस भरकटतो. स्लायडर थेट अनंत चिन्हावर ढकलू नका. काही फोनमध्ये तिथेही चित्र धूसरच राहतं. लांबचा स्थिर दिवा झूम करून पाहा आणि तो सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा. मग दोन सेकंदांचा टायमर लावूनच फोटो काढा, नाहीतर बोटाच्या धक्क्याने रेषा थरथरतात.