राउटर नसताना फोनवरून छपाई: राउटरची कामे करतो कोण?

घरात ब्रॉडबँड नाही, इंटरनेट म्हणजे फोनमधला मोबाइल डेटा एवढेच, पण मुलांच्या शाळेसाठी किंवा सरकारी कागदपत्रांसाठी एक छोटा वायरलेस प्रिंटर घेतलेला आहे, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. अशा घरात महाभूमीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला दोन पानी सातबारा फोनमधून थेट प्रिंटरवर छापता येतो. मधे राउटर नसतो, केबल नसते आणि फाइल इंटरनेटवरून फिरूनही येत नाही. या सोयीला वाय-फाय डायरेक्ट म्हणतात. वाय-फाय अलायन्स या उद्योगसंस्थेने 2010 साली तिचे प्रमाणीकरण सुरू केले आणि आज घरगुती वायरलेस प्रिंटरांपैकी बहुतेकांत ती असते.

तिच्याविषयीचा एक सर्वसाधारण समज असा की राउटर काढून टाकला की फोन आणि प्रिंटर एकमेकांशी बरोबरीच्या नात्याने बोलू लागतात. प्रत्यक्षात तसे होत नाही. जाळ्याचे नाव हवेत जाहीर करणे, पासवर्ड तपासणे, येणाऱ्या उपकरणाला पत्ता देणे ही राउटरची कामे कोणाला तरी करावीच लागतात, आणि वाय-फाय डायरेक्टमध्ये ती जोडीतले एक उपकरण अंगावर घेते. त्याला गटाचा मालक म्हणतात. छपाईच्या बाबतीत हा मालक जवळजवळ नेहमी प्रिंटरच असतो. एवढे ध्यानात ठेवले तर या छपाईत येणाऱ्या बऱ्याचशा अडचणींचे मूळ सापडते.

सुरुवात एकमेकांना शोधण्यापासून होते. राउटर असला की तो एका ठरलेल्या चॅनेलवर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव पुकारतो आणि फोनला फक्त ऐकायचे असते. दोन्ही उपकरणे जाळ्याविना मोकळी असतील तर मात्र कोणी कुठे थांबावे हे आधी ठरलेले नसते. म्हणून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले 1, 6 आणि 11 हे तीन चॅनेल भेटीसाठी राखलेले आहेत. प्रत्येक उपकरण त्यांपैकी एकावर काही काळ गप्प राहून ऐकते, मग तिन्हींवर हाक मारत फिरते, मग पुन्हा ऐकते. ऐकण्याचा हा काळ सुमारे 100, 200 किंवा 300 मिलिसेकंद असतो आणि दर फेरीला तो चिठ्ठी काढल्यासारखा नव्याने ठरतो. दोघांचा ताल एकच असता तर दोघे एकाच वेळी हाका मारत आणि एकाच वेळी ऐकत राहिले असते, आणि जत्रेत चुकलेल्या दोघांनी एकमेकांच्या शोधात एकाच वेगाने देवळाला गोल घालावा तशी त्यांची गाठ कधी पडलीच नसती. काळ बदलता ठेवल्यामुळे कधी ना कधी एकाची हाक दुसऱ्याच्या ऐकण्याच्या वेळेत पडते. यादीत प्रिंटरचे नाव कधी चटकन दिसते आणि कधी काही सेकंद लागतात, त्याचे एक कारण हेच आहे.

मालक कोण, हे ठरवण्याची रीतही नेमकी आहे. दोन्ही उपकरणे 0 ते 15 मधला एक आकडा सांगतात; तो आकडा म्हणजे मालकी घेण्याची त्यांची तयारी. ज्याचा आकडा मोठा तो मालक. आकडे सारखे निघाले तर एका जादा बिटावर निर्णय होतो; मात्र दोघांनीही 15 म्हटले, म्हणजे दोघांनीही मालकीचा हट्ट धरला, तर वाटाघाटच फसते. प्रिंटर बनवणारे सहसा या भानगडीत पडत नाहीत. त्यांचा प्रिंटर चालू झाला की कोणी येण्याची वाट न पाहता स्वतःच मालक होतो आणि `DIRECT-` या अक्षरांनी सुरू होणारे जाळे जाहीर करून बसतो. पुढची दोन अक्षरे यादृच्छिक असतात आणि त्यामागे बहुधा कंपनीचे व मॉडेलचे नाव येते. फोनच्या वाय-फाय यादीत दिसणारे असे नाव म्हणजे शेजाऱ्याचा राउटर नसून आसपासचा प्रिंटर किंवा टीव्ही असतो, हे यावरून ओळखता येते.

या जाळ्यात शिरण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. पहिला मार्ग खऱ्या वाय-फाय डायरेक्टचा. अँड्रॉइड फोन वाय-फाय डायरेक्टच्या वेगळ्या पडद्यावरून किंवा छपाईच्या खिडकीतूनच प्रिंटर निवडतो, प्रिंटरवर संमतीचे बटण दाबले जाते किंवा पिन टाकला जातो आणि जोडणी होते. ही जोडणी फोनमध्ये स्वतंत्र राहते. मोबाइल डेटा किंवा आधीचे वाय-फाय तिच्यामुळे सहसा तुटत नाही. दुसरा मार्ग असा की फोन नेहमीच्या वाय-फाय यादीतून `DIRECT-` हे नाव निवडतो आणि पासवर्ड टाकून आत जातो, जणू तो एक साधा राउटरच आहे. वाय-फाय डायरेक्ट न समजणाऱ्या उपकरणांसाठी ही वाट मुद्दाम ठेवलेली आहे आणि आयफोनवरून अशा प्रिंटरशी जोडले जायचे ते याच वाटेने. पासवर्ड प्रिंटरच्या पडद्यावर दिसतो. पडदा नसेल तर प्रिंटरच्याच बटणांनी माहितीचे एक पान छापून घेता येते, त्यावर तो असतो.

दुसऱ्या मार्गाने गेलेल्या फोनला वाटते की आपण इंटरनेटसाठी एखाद्या जाळ्यात आलो. तो लगेच एका ठरलेल्या सर्व्हरला विचारणा पाठवून इंटरनेट आहे का ते पाहतो. प्रिंटरमागे इंटरनेट नसतेच, त्यामुळे उत्तर येत नाही आणि पडद्यावर ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ अशा अर्थाचा प्रश्न उमटतो. घाईत ‘नाही’ दाबले किंवा प्रश्नाकडे दुर्लक्ष केले तर फोन हे जाळे सोडून देतो, किंवा वरवर जोडलेला राहून आपली वाहतूक मोबाइल डेटावर वळवतो. मग प्रिंटरसाठी निघालेली विचारणा मोबाइलच्या मनोऱ्याकडे जाते आणि अर्थातच वाया जाते. वाय-फायची खूण दिसते आहे, प्रिंटर समोर चालू आहे, तरी ‘प्रिंटर सापडला नाही’ असा संदेश येतो. माझ्या मते या सोयीविषयीच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे कारण हे एवढेच असावे आणि दोष फोनचा नाही की प्रिंटरचाही नाही. इंटरनेटविना जाळे म्हणजे बिघडलेले जाळे असे फोनने गृहीत धरलेले असते.

नेमके कुठे अडले ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. जोडणी झाल्यावर प्रिंटर फोनला एक पत्ता देतो आणि स्वतःसाठी एक ठेवतो. अनेक प्रिंटरांत हा स्वतःचा पत्ता `192.168.223.1` असतो. वेगळा असल्यास तो माहितीच्या पानावर सापडतो. फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकावा.

```
http://192.168.223.1
```

प्रिंटरचे शाईची पातळी वगैरे दाखवणारे पान उघडले तर वायरलेस जोडणी ठीक आहे आणि अडचण छपाईच्या सेवेत किंवा ॲपमध्ये आहे. पान उघडले नाही तर मोबाइल डेटा थोडा वेळ बंद करून पुन्हा पाहावे; आता उघडले तर वाहतूक भलतीकडे वळत होती हे सिद्धच झाले. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर त्यानेही हेच घडते. फोनचा स्वतःचा पत्ता `169.254` ने सुरू होणारा दिसला तर मात्र प्रिंटरने पत्ता दिलेलाच नाही, फोनने तो आपल्या मनाने घेतला आहे. तेव्हा जोडणी तोडून प्रिंटर बंद-चालू करणे हा खरा उपाय.

जोडणी झाली की उरलेले काम राउटर असो वा नसो, सारखेच चालते. फोन `224.0.0.251` या सामाईक पत्त्यावर ‘छापणारे कोणी आहे का’ असे विचारतो आणि प्रिंटर आपले नाव व आपल्याला कोणत्या स्वरूपातली पाने समजतात ती यादी उत्तरात पाठवतो. आयफोनमध्ये 2010 पासून एअरप्रिंट आहे आणि अँड्रॉइडमध्ये 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून छपाईची सेवा अंगभूत आहे. म्हणूनच हल्ली वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. दोन्हींची प्रिंटरशी बोलण्याची भाषा मुळात एकच आहे, आयपीपी, आणि ती प्रिंटरच्या 631 क्रमांकाच्या पोर्टवर बोलली जाते.

आता आपला सातबारा. प्रिंटर साधा असेल तर त्याला पीडीएफ समजत नाही, म्हणून फोन प्रत्येक पानाचे ठिपक्यांचे चित्र तयार करतो. ए-फोर पान, इंचाला 300 ठिपके, म्हणजे 2480 गुणिले 3508, सुमारे 87 लाख ठिपके. काळ्या-पांढऱ्या छपाईत ठिपक्याला एक बाइट धरला तरी एका पानाचे 8.7 मेगाबाइट होतात आणि रंगीत छापले तर त्याच्या तिप्पट, 26 मेगाबाइट. पण एवढे पाठवावे लागत नाही. या चित्रात एकसारख्या ओळी लागोपाठ आल्या तर ओळ एकदाच पाठवून ‘हीच आणखी इतक्या वेळा’ असे सांगता येते, आणि ओळीतल्या सारख्या ठिपक्यांनाही तोच न्याय लागतो. सातबाऱ्याच्या पानावर कोरी जागा पुष्कळ असल्याने ते बरेच लहान होते. तेच पान कॅमेऱ्याने फोटो काढून छापायला पाठवले तर कागदाच्या सुरकुत्या आणि सावल्या यांमुळे दोन ओळी कधी तंतोतंत सारख्या निघत नाहीत, ही बचत जवळजवळ नाहीशी होते आणि पान प्रिंटरकडे पोहोचायला चांगलाच उशीर लागतो. दिसायला दोन्ही पाने सारखीच; म्हणून मूळ पीडीएफ हाताशी असताना तिचा फोटो छापू नये.

घरात राउटर असेल आणि प्रिंटर त्यालाही जोडलेला असेल तर एक मर्यादा पडते. स्वस्त प्रिंटरात रेडिओ एकच असतो, त्यामुळे राउटर ज्या चॅनेलवर आहे त्याच चॅनेलवर त्याला थेट जोडणीही चालवावी लागते. राउटरने चॅनेल बदलला की थेट जोडणी मधेच तुटते. शिवाय एका वेळी जोडता येणारे फोन थोडेच असतात, बऱ्याच मॉडेलांत पाचच्या आसपास.

सुरक्षिततेचे म्हणाल तर हवेतला संवाद डब्ल्यूपीए-2 ने सांकेतिक केलेला असतो, पण कुलूप चांगले असून किल्ली दारातच लटकत असते. काही प्रिंटरांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड `12345678` असतो. तो ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या प्रिंटरच्या पानावरून बदलता येतो. जोडणीसाठी प्रिंटरवर बटण दाबून संमती देण्याचा पर्याय असेल तर दुकानात किंवा कार्यालयात तोच निवडावा. आणि यादीतून जोडले असेल तर काम झाल्यावर फोनमधून ते `DIRECT-` जाळे विसरायला लावावे, नाहीतर पुढच्या वेळी प्रिंटर नुसता चालू केला तरी फोन आपणहून त्याला जाऊन चिकटू शकतो.