पंख्याची घरघर थांबते, पण कुणाच्या कानात?

‘नॉइज कॅन्सलिंग आहे, समोरच्याला काही ऐकू जाणार नाही,’ असं सांगत साताऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानात माझ्या भाचीला एक वायरलेस हेडसेट दाखवला गेला. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते आणि दिवसातले पाच-सहा तास कॉलवर असते. खोली वरच्या मजल्यावर, बाहेर पत्र्याची शेड, डोक्यावर पंखा. दुकानदाराचं ते वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की त्यातली चूक नीट समजून घ्यायला हवी.

खोक्यावर लिहिलेलं ‘एएनसी’ हे हेडसेट घालणाऱ्याच्या कानासाठी असतं. समोरच्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. हेडसेटच्या बाहेरच्या अंगाला एक छोटा माइक असतो. तो आजूबाजूचा आवाज टिपतो, आतलं सर्किट त्याची उलटी लहर तयार करतं आणि स्पीकर ती कानात सोडतो. मूळ लहर वर असताना ही खाली, म्हणून दोन्ही मिळून शून्याच्या जवळ येतात.

यातली खरी गंमत वेळेत आहे. उलटी लहर पोचायला सेकंदाचा फक्त दहाहजारावा भाग उशीर झाला असं धरा. पंख्याच्या घरघरीत सेकंदाला 100 कंपनं असतील, तर एका लहरीला शंभरावा भाग सेकंद लागतो. त्यापुढे हा उशीर नगण्य असतो आणि मूळ आवाजाच्या जेमतेम 6 टक्के उरतो. आता सेकंदाला 3000 कंपनं असलेला आवाज घ्या. त्याची लहर सेकंदाच्या तीनहजाराव्या भागात संपते, म्हणजे तोच उशीर तिथे जवळजवळ एक तृतीयांश लहरीचा होतो. गणित केलं तर आवाज कमी होण्याऐवजी मूळच्या दीडपटीहून जास्त भरतो! उशीर लहरीच्या सहाव्या भागापेक्षा वाढला की उलटी लहर मदत करायची सोडून भर घालू लागते. म्हणून कंपन्या उंच पट्टीच्या आवाजांना या पद्धतीने फारसं हातच लावत नाहीत. तिथे कानाभोवतीची जाड गादीच उपयोगी पडते.

भाचीच्या खोलीत पंखा म्हणूनच गप्प होतो. पण जुलैत पत्र्यावर झड लागली की तो तडतडाट बऱ्यापैकी आत येतो, कारण त्यात उंच कंपनांचा वाटा मोठा असतो. रस्त्यावरच्या हॉर्नचंही तेच.

मग समोरच्याला पाऊस ऐकू जाऊ नये यासाठी काय पाहायचं? माइक तोंडापासून किती लांब आहे ते. आवाजाचा दाब अंतराच्या प्रमाणात घटतो. दांडीवरचा माइक ओठांपासून 3 सेंटीमीटरवर असतो, इअरबडचा साधारण 12 वर. म्हणजे दांडीच्या माइकला तुमचं बोलणं चौपट जोरात मिळतं. पाऊस मात्र दोघांनाही सारखाच. हा फायदा कुठलंही सॉफ्टवेअर लावण्याआधीचा आहे. ‘ईएनसी’ लिहिलेलं असेल तर ती माइकच्या बाजूची सफाई असते. ती कामाची आहेच, पण मीटिंगच्या अ‍ॅपमध्येही तशीच सफाई चालू असली की शब्दांची टोकं खाल्ली जातात. दोन्हींपैकी एकच ठेवावी.

आता उशिराकडे. बोललेला शब्द समोरच्याच्या कानी 150 मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना सुचवते. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. नेटवर्क आणि अ‍ॅप मिळून 90 धरा. वायरचा हेडसेट त्यात फार तर थोडीच भर घालतो. ब्लूटूथचे मात्र, उपकरणागणिक कमीजास्त, 60 धरा. दोन्हीकडे ब्लूटूथ असेल तर बेरीज 210 होते. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू होताच गाण्यांचा भरदार आवाज जाऊन फोनसारखा चपटा आवाज येतो. हेडसेट बिघडलेला नसतो. बोलणं दोन्ही दिशांना न्यायचं असल्यामुळे तो वेगळ्या, कमी माहिती वाहणाऱ्या पद्धतीवर जातो.

ब्लूटूथच्या ‘किरणांपासून वाचवणारे’ स्टिकर मिळतात, त्यावर एक रुपयाही घालवू नये. हेडसेटची प्रक्षेपणशक्ती साधारण 2.5 मिलिवॅटपर्यंत असते, कानाला लावलेल्या फोनची कमाल त्याच्या कित्येक पट.

बसून काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: यूएसबी वायर, दांडीचा माइक, कानाभोवती बसणारी हलकी गादी. चार्जिंगची चिंता नाही आणि उशीरही कमी. कॉल चालू असताना घरभर फिरावं लागत असेल तरच वायरलेस, पण तोही दांडीचाच.

दुकानात पारख करताना पंखा चालू ठेवून कॉम्प्युटरवर त्याच हेडसेटच्या माइकने अर्धा मिनिट स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐका. सेटिंगमध्ये माइक म्हणून हेडसेटच निवडलाय ना, हे आधी बघा, नाहीतर लॅपटॉपचाच माइक तपासला जाईल. उशिरासाठी घरच्या कुणाला शेजारी बसवून कॉल लावा आणि त्याला टाळी वाजवायला सांगा. खरी टाळी आणि हेडसेटमधली टाळी यांच्यातलं अंतर एकदा वायर लावून ऐका, एकदा वायरलेसवर. नेटवर्क दोन्ही वेळी तेच असल्याने जास्तीचं जे अंतर ऐकू येईल, ते ब्लूटूथचं.