अल्ट्रावाइड मॉनिटर: जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची चाचणी (गोवा)

गेमिंगच्या टेबलावर अल्ट्रावाइड, म्हणजे २१:९ आकाराचा रुंद मॉनिटर मुख्य पडदा म्हणून बसवणे आणि जुना मॉनिटर बाजूला दुसरा पडदा म्हणून ठेवणे, ही गोव्यातल्या तरुण गेमरांची नेहमीची मांडणी. तिच्यात फसगत होते ती एका प्रश्नावर: 'कार्ड हा पडदा चालवील का?' हा एक प्रश्न वाटतो, पण प्रत्यक्षात ते दोन आहेत. कार्डाच्या पोर्टातून एवढे चित्र बाहेर पडेल का, हा पहिला. एवढे चित्र कार्डाला वेळेत रंगवता येईल का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की पैसे वाया जातात.

समजा, म्हापशातल्या एका घरी जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि १९२०×१०८० चा मॉनिटर आहे. आता ३४ इंची, ३४४०×१४४०, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घ्यायचा आहे. जुन्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू होते, नव्यावर ४९.५ लाख असतील, म्हणजे जवळजवळ २.४ पट.

आधी पोर्ट पाहू. प्रत्येक बिंदूला २४ बिट धरले तर १४४ हर्ट्‌झला सेकंदाला सुमारे १७ गिगाबिट लागतात, ओळी आणि फ्रेमांमधल्या रिकाम्या जागेचा खर्च वेगळा. या कार्डावरच्या एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट लिहिलेली असते, म्हणून काम होईल असे वाटते. पण त्या पद्धतीत दर ८ बिट १० बिट करून पाठवले जातात, त्यामुळे चित्रासाठी १४.४ च उरतात. १०० हर्ट्‌झला सुमारे १२ गिगाबिट लागतात, ते मावतात. १४४ मावत नाहीत. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये मात्र सुमारे २५.९ गिगाबिट उपलब्ध असतात. म्हणून रुंद मॉनिटर डिस्प्लेपोर्टला आणि जुना एचडीएमआयला, ही जोडणी बरोबर. केबल मदरबोर्डच्या पोर्टात नव्हे, ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टात लावावी. ही चूक इतकी वारंवार होते की काहीही बिघडले तर पहिली नजर मागे वाकून तिथेच टाकावी.

जोडल्यावर विंडोजमध्ये हे उघडावे:

```
Settings > System > Display > Advanced display
```

इथे योग्य मॉनिटर निवडून रिफ्रेश रेटच्या यादीत १४४ दिसतो का ते पाहावे. यादी १०० ला थांबली तर पोर्ट किंवा केबल अपुरी आहे. यादीत १४४ असूनही पडदा मधेच क्षणभर काळा होत असेल तर संशय केबलवर घ्यावा. अक्षरांच्या कडा रंगीत आणि पुसट दिसल्या तर रंगाची माहिती कमी करून चित्र कसेबसे पाठवले जात असल्याची शक्यता असते. समुद्राकाठच्या दमट हवेत जुन्या जोडण्यांचे संपर्क गंजतात, तेव्हा नवी केबल घेण्याआधी जुनीच काढून पुन्हा घट्ट बसवून पाहावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मॉनिटर विकत घेण्याआधीच मिळते, आणि ही युक्ती खरोखर उपयोगी आहे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Manage 3D settings` मध्ये `DSR - Factors` उघडून `2.25x` निवडावे. मग १०८० च्याच पडद्यावर खेळाच्या सेटिंगमध्ये २८८०×१६२० दिसू लागते, म्हणजे सुमारे ४६.७ लाख बिंदू, अल्ट्रावाइडच्या ४९.५ लाखांच्या अगदी जवळ. एएमडीच्या कार्डांत याच कामासाठी व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन आहे. नेहमीचा खेळ, नेहमीच्याच गर्दीच्या जागी, दहा मिनिटे खेळावा. आधी १०० फ्रेम येत होत्या आणि आता ५० आल्या, तर खऱ्या मॉनिटरवर त्याहून थोड्या कमीच धराव्यात. कारण बिंदू जरा जास्त आहेतच, शिवाय अनेक खेळ रुंद पडद्यावर बाजूंचे जास्त दृश्य दाखवतात आणि तेही रंगवावे लागते. आधी प्रोसेसरच अडसर होता असेल तर फ्रेम फारशा घटणार नाहीत. चित्र स्वच्छ पण अडखळत असेल तर दोष केबलचा नसतो. सावल्यांची पातळी उतरवणे हा पहिला उपाय.

दुसऱ्या, जुन्या पडद्याचा भार खेळावर थोडाच पडतो. त्यावर व्हिडिओ चालू ठेवला तर तो जाणवतो.

जागेचाही विचार हवा. ३४ इंची मॉनिटर सुमारे ८० सेंमी रुंद असतो, म्हणून तो डोळ्यांपासून थोडा लांब ठेवता यावा यासाठी टेबल खोल लागते. चिऱ्याच्या भिंतीवर मॉनिटरचा हात बसवताना साधा प्लग भोकातून सैल होऊ शकतो. टेबलाच्या कडेला आवळायचा हात बरा. पावसाळ्यात वीज सारखी जाते. ६०० व्हीए यूपीएसवर साधारण ३६० वॅट मिळतात, आणि असा संगणक व रुंद मॉनिटर मिळून खेळताना ३०० च्या आसपास घेऊ शकतात. जुना मॉनिटर यूपीएसबाहेर, थेट भिंतीच्या सॉकेटला लावला तर तो वीज जाताच बंद पडतो, पण खेळ जतन करून संगणक नीट बंद करायला तेवढा वेळ हाती राहतो.